एम.एस्सी. नर्सिंगसाठी हॉस्पिटल सोडतेय, राजीनामा कसा लिहू?

प्रश्न : ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये अडीच वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. एम.एस्सी. नर्सिंगला सीट मिळाली आहे. मेट्रन मॅडमनी मला हाताला धरून शिकवलंय, त्यांना वाईट वाटणार नाही असा राजीनामा मराठीत कसा लिहायचा? नोटीस एक महिन्याची आहे.

उत्तर :

मी एम.एस्सी.ला गेले तेव्हा राजीनाम्याचा माझा पहिला मसुदा दोन पानांचा झाला होता. पहिल्या नाइटच्या आठवणी, झाडून सगळ्या डॉक्टरांचे आभार, शेवटी माफीचा एक परिच्छेद. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "बाई गं, तुझी शेवटची ड्युटी कधी?" नेमकी तीच तारीख मी लिहिली नव्हती.

राजीनामा हातात पडला की मेट्रनच्या डोळ्यांपुढे आधी ड्युटी रोस्टर उभं राहतं. आयसीयूतून एक हात कमी झाला, तर व्हेंटिलेटरवरचे पेशंट कोणाकडे द्यायचे, नाइटला कोणाला टाकायचं, नवीन मुलगी किती दिवसांत तयार होईल, हे सगळं त्यांना सोडवायचं असतं. त्यामुळे पुढच्या महिन्याचं रोस्टर लागण्याआधी पत्र द्या. आणि पत्राआधी स्वतः जाऊन तोंडी सांगा. दुपारच्या ओव्हरनंतर, त्यांच्या केबिनमध्ये, पाच मिनिटं. अडीच वर्षं शिकवलेल्या बाईंना ही बातमी एचआरकडून कळली, तर पुढे कितीही गोड भाषा वापरली तरी उपयोग नाही.

आता तारखेचं. समजा १२ जुलैला पत्र दिलं आणि नोटीस ३० दिवसांची आहे. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर ११ ऑगस्टला ती संपते. "एक महिन्यानंतर" असं मोघम न लिहिता ११ ऑगस्ट हीच तारीख लिहा. त्या दिवशी नाइट लागणार नाही एवढं इन्चार्जना आधीच सांगून ठेवा. नाइट दोन तारखांमध्ये विभागली जाते, मग कार्यमुक्तीची तारीख ११ की १२ यावर ऑफिसात घोळ होतो. शिल्लक नाइट ऑफ आणि रजाही त्याच वेळी मोजून घ्या. त्या नोटीसमध्ये धरायच्या का, हे हॉस्पिटल ठरवतं. आपण गृहीत धरायचं नाही.

खरी अडचण वेगळीच असते. प्रवेशफेरीत सीट लागल्यावर कॉलेजला हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, नोटीस मात्र महिन्याची. तुमची तारीख जुळत नसेल तर ते पत्रात सरळ लिहा : "प्रवेशाची अंतिम तारीख अमुक असल्याने नोटीस कालावधीतील उर्वरित दिवस माफ करावेत, अथवा नियमानुसार त्यांची रक्कम माझ्या देयकातून वळती करावी, ही विनंती." हे लिहिण्यात लाजण्यासारखं काही नाही. न सांगता ड्युटीवर यायचं बंद करणं हे मात्र नक्की वाईट दिसतं. नेमणुकीच्या वेळी बाँड लिहून दिला असेल तर तो पत्र देण्याआधी काढून वाचा.

कारण एका वाक्यात पुरे. पगार, स्टाफची कमतरता, सलग नाइट, कोणाशी झालेली बोलाचाली, यातलं काहीही या कागदावर नको. तो तुमच्या फाइलला कायमचा राहणार आहे. आभारही नेमक्या एका गोष्टीचे माना. "आपल्या संस्थेने मला खूप काही दिले" हे वाक्य मेट्रननी शंभर पत्रांत वाचलेलं असतं. त्यांनी तुम्हाला नक्की काय शिकवलं, ते लिहा.

मी असं लिहीन. शिकवलेली गोष्ट मी कल्पनेने घातली आहे, तिथे तुमची घाला.

दिनांक : १२ जुलै

प्रति,
मा. नर्सिंग सुपरिंटेंडेंट,
(हॉस्पिटलचे नाव)

मार्फत : इन्चार्ज सिस्टर, आयसीयू

विषय : स्टाफ नर्स पदाचा राजीनामा

महोदया,

मी (नाव, कर्मचारी क्रमांक) आयसीयू विभागात (रुजू तारीख) पासून स्टाफ नर्स म्हणून काम करत आहे. एम.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमास मला प्रवेश मिळाला असल्याने मी पदाचा राजीनामा देत आहे. ३० दिवसांच्या नोटीसनुसार ११ ऑगस्ट हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे सक्शन मला पहिल्यांदा आपण शेजारी उभे राहून करायला लावले. अलार्म वाजला की आधी मशीनकडे नव्हे, पेशंटकडे बघायचे, ही सवय मला तेव्हा लागली. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

माझ्याकडील इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी, विभागाचे स्टॉक रजिस्टर व कपाटाच्या किल्ल्या मी नेमून दिलेल्या सिस्टरकडे मोजून सोपवीन. नवीन स्टाफ माझ्यासोबत दिल्यास या महिन्यात तिला विभागाचे काम दाखवीन.

प्रवेशासाठी आवश्यक असल्याने पद, विभाग व रुजू तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतचा कालावधी नमूद केलेला अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र आणि कार्यालयात जमा असलेली माझी मूळ प्रमाणपत्रे मिळावीत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव)

शेवटचा परिच्छेद मागणीसारखा वाटतो म्हणून गाळू नका. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ला यायला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि प्रवेशाच्या टेबलावर तो दाखल्यावरूनच मोजतात. माझ्या दाखल्यात ऑफिसने नुसतं "येथे कार्यरत होत्या" लिहिलं. ना पद, ना तारखा. कॉलेजने तो परत केला आणि दुरुस्तीसाठी मला दोनदा एसटीने जाऊन यावं लागलं. तुमचं मूळ प्रमाणपत्र हॉस्पिटलच्या कपाटात असेल, तर कॉलेजात ते दाखवायचं कुठून, हाही प्रश्न आहेच. दाखला लवकर हवा असेल तर "आजपर्यंत कार्यरत" असा एक आत्ताच मागून घ्या, अंतिम दाखला नंतर.

पत्राच्या दोन प्रती काढा. एकीवर इनवर्डचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती स्वतःकडे ठेवा, कारण नोटीस त्या तारखेपासून मोजली जाते. "ठेव टेबलावर, बघते" एवढ्यावर विसंबून राहू नका. मॅडम कितीही प्रेमळ असल्या तरी पत्र फाइलखाली जातं आणि महिनाभराने एचआर म्हणतं, आमच्याकडे काही आलंच नाही.

एक आडवी सूचना : हे सगळं खासगी किंवा ट्रस्टच्या नोकरीपुरतं आहे. हे वाचणारं कोणी सरकारी दवाखान्यात कायम असेल, तर राजीनामा लिहूच नका. आधी अध्ययन रजा मिळते का ते आस्थापनेत विचारा. राजीनाम्याने मागची सेवा हातची जाऊ शकते.

शेवटच्या दिवशी युनिफॉर्म, आय-कार्ड, लॉकरची किल्ली जमा करून नो ड्यूजच्या कागदावर स्टोअर, फार्मसी, अकाउंट्स सगळ्यांच्या सह्या घ्या. ड्युटी संपल्यावर धावू नका, तोवर अकाउंट्स बंद झालेलं असतं. सकाळीच इन्चार्जना विचारून तासभर मागा. आणि दाखला हातात आला की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, नावाचं स्पेलिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनशी ताडून बघा.