इंटर्नलचे मार्क कमी आले, तर आधी फोड मागून घे

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. इंटर्नलला ४० पैकी २३ मिळाले आणि तुझ्या हिशेबाने ३१ मिळायला हवे होते. सरांशी वर्गात तुझा वाद झाला होता, त्याचा राग त्यांनी मार्कांतून काढला, असं तू लिहिलं आहेस. तसं झालंच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण अर्जात ते लिहायच्या आधी हे २३ कुठून आले ते बघू. मी बरीच वर्षं इंटर्नलचे तक्ते भरले आणि तपासले आहेत. अशा तक्रारींत पुष्कळदा चूक पेपर तपासणाऱ्याची नसून बेरजेची किंवा राहून गेलेल्या नोंदीची निघते.

इंटर्नलचा आकडा कोणी एका बैठकीत ठरवत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी जमा होतो. तुमच्या विषयाची विभागणी तू कळवली आहेस: ३० मार्कांच्या दोन चाचण्या, त्यांची सरासरी काढून ती २० पैकी करायची, असाइनमेंटला १०, प्रेझेंटेशनला ५, हजेरीला ५. तुला चाचण्यांत २१ आणि २४ मिळाले. सरासरी २२.५, म्हणजे २० पैकी १५. असाइनमेंटवर ८ लिहिलेले आहेत. प्रेझेंटेशनचे ४ सरांनी वर्गातच सांगितले होते. हजेरी ८० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे ४. एकूण ३१. हिशेब बरोबर आहे.

आता कमी पडलेल्या ८ मार्कांकडे बघ. दुसऱ्या चाचणीचे २४ तक्त्यात चढलेच नसतील आणि तिथे शून्य धरलं गेलं असेल, तर सरासरी १०.५ होते आणि २० पैकी ७ उरतात. १५ चे ७, म्हणजे बरोबर ८ गेले. तू लिहिलं आहेस की आजारपणामुळे दुसरी चाचणी तू नंतर, चार-पाच जणांबरोबर वेगळ्या खोलीत दिलीस. असे उशिराचे पेपर मुख्य गठ्ठ्यात नसतात. ते तपासले जातात, मार्क पेपरवर पडतात, पण तक्ता आधीच भरून झालेला असेल तर ते चढवायचे राहून जातात. माझा पहिला संशय इथेच आहे.

पण लगेच खात्री धरू नकोस. असाइनमेंटचे ८ चढले नसतील, तरीही फरक नेमका ८ चाच पडतो. म्हणून अंदाज बांधून भांडायला जायचं नाही. मागायची ती फोड: प्रत्येक घटकाला किती मार्क धरले, एवढंच. फोड हातात आली की वाद राहत नाही, चूक असेल तर ती कोणत्या रकान्यात आहे ते दिसतं.

तोपर्यंत अभ्यासक्रमाच्या नियमावलीत एक गोष्ट बघून ठेव. दोन चाचण्यांची खरोखर सरासरी धरतात, की त्यांतली चांगली एकच? चांगली धरत असतील तर तुझे २४ म्हणजे २० पैकी १६, आणि एकूण ३२ व्हायला हवेत. मुलं हे वरच्या वर्गातल्या कोणाला तरी विचारतात आणि मागच्या वर्षीचा नियम धरून बसतात. छापलेला नियमच बघ.

फोड आधी सरांकडेच माग, आणि लेखी माग. तोंडी विचारलंस तर “बघतो” म्हणतील आणि ते खरोखर विसरतील. इतकं पुरे: “सर, मला या विषयात इंटर्नलला २३ मार्क दिसत आहेत. माझ्याकडच्या नोंदीप्रमाणे चाचण्या २१ आणि २४, असाइनमेंट ८, प्रेझेंटेशन ४ आणि हजेरीचे ४ असे ३१ होतात. दुसरी चाचणी मी आजारपणामुळे नंतर दिली होती. घटकवार मार्क मला कळवाल का? तपासलेले पेपर आणि असाइनमेंट यांचे फोटो जोडले आहेत.” वादाचा उल्लेख नको, ‘अन्याय’ हा शब्दही नको. आकडे दाखवलेस तर त्यांना तक्ता उघडून बघावाच लागेल. हेतूवर बोट ठेवलंस तर सगळं बोलणं हेतूवरच अडकेल आणि तक्ता बंदच राहील.

आणि हे आज कर. इंटर्नलचे मार्क परीक्षा विभागाकडे पाठवायची एक तारीख असते. तोपर्यंत चूक दुरुस्त करणं म्हणजे सरांनी एक रकाना बदलणं. मार्क एकदा कायम झाले की त्याच दुरुस्तीला सरांचं पत्र, विभागप्रमुखांची सही आणि मूळ पेपर, असं सगळं लागतं, आणि निकाल लागल्यावर तर ते फारच अवघड होतं. लेखी परीक्षेसारखी फेरतपासणी इंटर्नलला पुष्कळ ठिकाणी नसतेच. ती तारीख ऑफिसमधून विचारून घे. दोन-तीन दिवसांत सरांचं उत्तर आलं नाही तर तोच मजकूर विभागप्रमुखांना पाठव, सरांना पाठवलेल्या पत्राची प्रत जोडून. सरांना वगळून थेट वर गेलीस, तर विभागप्रमुख तुला आधी सरांकडेच परत पाठवतील आणि तेवढे दिवस फुकट जातील.

फोडीत सगळे रकाने भरलेले निघाले, पण असाइनमेंटला ८ ऐवजी ४, प्रेझेंटेशनला ४ ऐवजी १ आणि हजेरीला ४ ऐवजी ३ असं काही दिसलं, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तिथे आधी कारण विचार: उशिरा दिल्याबद्दल मार्क कापले का, की नंतर सगळ्या वर्गाचेच मार्क खाली आणले? एखाद्या तुकडीचे मार्क फार चढे वाटले तर विभाग कधीकधी ते सरसकट कमी करतो. तसं असेल तर तुझ्या एकटीच्या अर्जाने काही हलणार नाही, वर्गाने मिळून विचारावं लागेल.

असं काही कारण नसेल आणि काम पाहून दिलेले मार्कच तुला कमी वाटत असतील, तर मैत्रिणीची असाइनमेंट शेजारी ठेवून तुलना करू नकोस. “तिला ७ दिले, मग मला ४ का” या प्रश्नावर तिचे कमी करणं हाही एक उपाय असतो. त्याऐवजी मार्क कशाला किती होते ते माग आणि आपलं काम त्या निकषांवर स्वतः तपास. संदर्भांना २ मार्क असतील आणि तू ते दिलेच नसशील तर ते गेले, त्यावर वेळ घालवू नकोस. दिलेले असूनही शून्य असेल तर पान क्रमांकासह लिही. तरीही पटण्यासारखं उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्यावं असा अर्ज विभागप्रमुखांना दे. त्यात मार्क कमीही होऊ शकतात, हे धरूनच तो अर्ज दे. सरांचा राग हे कारण खरं असेल, तर ते सिद्ध व्हायचा रस्ताही हाच आहे. नाव झाकून दुसऱ्याने तपासलं आणि ४ चे ८ झाले, तर ते कोणत्याही आरोपापेक्षा जड जातं. प्रेझेंटेशनला मात्र हा रस्ता नाही. त्याची पुन्हा तपासणी करायला हातात काही नसतं. म्हणून वर्गात मार्क सांगितले तेव्हा कोण हजर होतं, ते आत्ताच लिहून ठेव.

तपासलेले पेपर निकाल लागेपर्यंत टाकू नकोस. आजारपणाचं प्रमाणपत्र आणि नंतर चाचणी द्यायला मिळालेली परवानगीही शोधून ठेव, कारण तो पेपर सापडला नाही तर तू ती चाचणी दिली होतीस हे दाखवायला तेच लागेल. फोड आली की मला पाठव, एकत्र बघू.

तुझा,
काका