रात्रपाळीचे चार हजार आणि ईएसआयची रेषा

"मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. जनरल शिफ्टचा एकूण पगार 18,600. येत्या 1 सप्टेंबरपासून कायम रात्रपाळी घेतली तर महिना 4,000 भत्ता जास्त मिळेल. मिस्टर नाहीत. मुलगी चौथीत आहे. घरी माझी आई असते, तिला शुगर आहे, औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. सोनं गहाण ठेवून काढलेलं 45,000 चं कर्ज फेडायचंय. घेऊ का रात्रपाळी?"

ताई, घ्या. पण 1 सप्टेंबरपासून नको, आणि कायमची तर नकोच.

अडचण ईएसआयची आहे. त्यासाठी पगाराची मर्यादा महिना 21,000 आहे आणि रात्रपाळीचा भत्ता त्यात धरला जातो. ओव्हरटाइम मर्यादेसाठी धरत नाहीत, म्हणून अनेकांना वाटतं की भत्ताही धरणार नाहीत. भत्त्यासकट तुमचा पगार 22,600 होतो, म्हणजे तुम्ही रेषेच्या पलीकडे जाता.

तरी पलीकडे गेल्या गेल्या नाव कमी होत नाही. ईएसआयची वर्गणी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींत मोजतात. सहामाही सुरू होताना पगार मर्यादेत असेल आणि नंतर वाढला, तर ती सहामाही संपेपर्यंत तुम्ही योजनेत राहता. आता तुमची तारीख बघा. 1 सप्टेंबरला रात्रपाळी धरली तर 1 ऑक्टोबरला नवी सहामाही उघडताना पगार 22,600 असेल आणि वर्गणी थांबेल. गंमत अशी की तेव्हा काहीच जाणवत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, त्यामुळे आईची औषधं चालूच राहतात. पगाराच्या स्लिपवरून ईएसआयची ओळ गेलेली असते, तीच काय ती खूण. रात्रपाळी तशीच चालू राहिली तर दवाखान्याचं दार जुलैत बंद होतं.

दार बंद झाल्यावर चार हजारांचं काय होतं ते मांडून बघू. तुमची 140 रुपयांची कपात वाचेल, म्हणजे हातात 4,140 जास्त. तिघींचा आरोग्य विमा बाहेरून घेतला तर आईचं वय आणि शुगर बघता मी महिना 3,000 धरेन. शिवाय आधीपासूनच्या आजाराला पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. औषधं विकत घ्यायची तर आणखी साधारण 1,200. उरले वजा साठ! आईची पॉलिसी न घेता महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर भिस्त ठेवली आणि तुम्हा दोघींचाच विमा महिना हजारात बसवला, तर 1,940 उरतील. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, पण ठरावीक आजारांचे आणि ठरावीक रुग्णालयांत. महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्या. जागरणाने अंगावर काही काढायची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच हे नसेल, तर सोनं पुन्हा गहाण पडेल.

म्हणून सुपरवायझरकडे 1 नोव्हेंबर ते 31 मार्च एवढीच रात्रपाळी मागा. ऑक्टोबरचा पगार जुन्या दराने निघाला की सहामाहीची सुरुवात मर्यादेत झाली हे स्लिपवरच दिसेल. मार्चपर्यंत वर्गणी 22,600 वर, म्हणजे 170 रुपये जाईल. 1 एप्रिलला पुन्हा 18,600 वर आलात की ईएसआय कुठेच तुटत नाही. पाच महिन्यांत हातात 19,850 जास्त येतील. ते दर महिन्याला थेट सोन्याच्या कर्जाच्या मुद्दलात भरा. पतसंस्था असो की बँक, पावतीवर 'मुद्दल' लिहून घ्या, नाहीतर पुढच्या व्याजात वळवतात.

परतीची तारीख मात्र लेखी हवी. तोंडी 'बघू' म्हणाले आणि 1 एप्रिल रात्रपाळीतच उजाडला, तर वर मांडलेलं सगळं लागू होतं. बाईला रात्री कामाला लावायचं तर तिची संमती लागते, तेव्हा त्याच संमतीपत्रात तारीख घाला आणि कंपनीच्या गाडीने ने-आण करण्याचंही लिहून घ्या. कुपवाड रोडवर रात्री अकराला स्वतःच्या स्कूटीने जाणं हिशोबात धरू नका.

मुलीचं म्हणाल तर संध्याकाळी पाच ते दहा तुम्ही तिच्याजवळ असाल, जे जनरल शिफ्टला जमत नाही. कमी पडेल ती झोप. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेच्या दुपारी डोळा लागत नाही, थंडीत लागतो. हेही नोव्हेंबर निवडण्याचं एक कारण. सकाळी सात ते दुपारी दोन फोन आणि दाराची कडी आईच्या ताब्यात द्या.

कंपनी पाच महिन्यांना तयार नसेल, कायमचंच म्हणत असेल, तर भत्ता 7,000 च्या खाली असेपर्यंत जनरल शिफ्ट सोडू नका.