नवीन इन्स्पेक्टरचा पहिला आठवडा: रिजेक्शन यार्डापासून उलटं चालायला लावा

प्रश्न: "शिरोलीच्या फाउंड्रीत क्वालिटी बघतो. सोमवारी एक डिप्लोमा झालेला मुलगा इन्स्पेक्टर म्हणून जॉइन होतोय. पहिल्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये रोज दोन-दोन प्रेझेंटेशन आणि सगळ्या एसओपी वाचन असं टाकलंय. एवढं बास आहे का?"

उत्तर:

बास नाही. असाच प्लॅन मी एका मुलाला दिला होता. पाच दिवस तो मान डोलवत बसला, सगळीकडे सह्या केल्या. दहाव्या दिवशी त्यानं एका लॉटला जुन्या गेजनं पास केलं. ड्रॉइंग बदललं होतं आणि जुना गेज अजून त्याच कपाटात होता. लाइनवरच्या प्रत्येकाला हे माहीत होतं, पण आमच्या एकाही एसओपीत ते लिहिलेलं नव्हतं. चूक माझ्या प्लॅनची होती.

तेव्हापासून मी नवीन माणसाला सँड प्लांटपासून सुरुवात करू देत नाही. पहिल्या दिवशी त्याला रिजेक्शन यार्डात नेतो, लाल रंग मारलेल्या कास्टिंगपाशी. तिथून मागे मागे जायचं: फायनल इन्स्पेक्शन, फेटलिंग, नॉकआउट, पोअरिंग, मोल्डिंग आणि शेवटी वाळू. वाळूतलं मॉइश्चर किती असावं हे सोमवारी सांगितलं तर तो आकडा पाठ करतो. ब्लो होल हातात धरून चार दिवस त्याचं कारण शोधत तो वाळूपर्यंत पोचला, की तो स्वतःच मॉइश्चर विचारतो.

गेल्या वेळी गडहिंग्लजकडची एक मुलगी आली होती. सोमवारी तिच्यापुढे एकाच ब्रॅकेटचे बारा रिजेक्ट पीस ठेवले आणि म्हटलं, शनिवारपर्यंत यातलं एक कारण शोधून आण. मंगळवारी तिनं पीस उलटेसुलटे करून पाहिले. नऊ पिसांत वाळू अडकली होती, तीही कोपच्या बाजूला. वाळू लोखंडापेक्षा हलकी, वितळलेल्या धातूबरोबर वर जाते, म्हणून तिथंच सापडते हे तिला फेटलिंगवाल्या मामांनी सांगितलं. पिसांवरचा हीट नंबर रजिस्टरशी जुळवला, तर नऊच्या नऊ एकाच शिफ्टचे निघाले. गुरुवारी ती मोल्डिंगला दोन तास उभी राहिली. कोअर बसवल्यावर बॉक्स बंद करण्याआधी आतली सुटी वाळू हवेनं उडवतात. शेवटच्या दोन बॉक्सना मोल्डर हवा मारतच नव्हता. तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "ओ मॅडम, पाइपच पोचत नाही की तिथंवर." पाइप तुटल्यावर कुणीतरी कापून आखूड जोडला होता. आम्ही रोज मीटिंगमध्ये वाळूची ताकद आणि गेटिंग यावर बोलत होतो.

हे जमायला तुमच्याकडून तीन गोष्टींची तयारी लागते. सेफ्टी शूजचं माप आधीच फोन करून विचारा. शूज आणि चष्मा हातात आल्याशिवाय त्याला पोअरिंगकडे पाठवू नका. ओलसर लॅडलमध्ये धातू पडला तर तो कसा उसळतो, हे तिथं जाण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, पत्रकावर सोडू नका. पहिल्या दिवशी त्याला दहाला बोलवा. आठला शिफ्ट बदलते, तुम्ही रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये असता आणि तो बिचारा गेटवर ताटकळतो. जोडीदार म्हणून त्याच शिफ्टचा लाइन इन्स्पेक्टर द्या, आणि त्या आठवड्यापुरतं त्या जोडीदाराचं काम खरंच कमी करा. नाहीतर त्याला तपासायचं टार्गेट पूर्ण करायचं असतं आणि नवीन माणूस त्याला अडचण वाटू लागतो.

शिफ्ट संपताना रोज वीस मिनिटं तुमची. "समजलं का?" विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. कोऱ्या कागदावर आज पाहिलेलं काढून दाखवायला सांगा. बुधवारपर्यंत एकही प्रश्न आला नसेल, तर सगळं कळलंय असं धरू नका. बहुतेक वेळा कुणाला विचारायचं हेच त्याला कळलेलं नसतं. असं दिसलं, तर गुरुवारी सकाळी तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर लाइनवर जा.

एसओपी टाकून देऊ नका, पण जागेवर वाचायला द्या. फायनल इन्स्पेक्शनची एसओपी फायनलच्या टेबलाशी उभं राहून, गेज हातात घेऊन. कपाटातला प्रत्येक गेज त्याला बाहेर काढायला लावा, कॅलिब्रेशनची तारीख आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर जुळवायला लावा. माझ्या त्या पहिल्या मुलाचं नेमकं इथंच राहून गेलं होतं.

आणि प्लॅनच्या वरच ठळक लिहा: या आठवड्यात रिपोर्टवर सही नाही, लॉट सोडायचा नाही, पण संशय आला तर लॉट थांबवायला मोकळीक आहे. हे सुपरवायझरलाही सांगून ठेवा. शनिवारी त्याच्याकडून अर्धं पान घ्या, काय सापडलं आणि काय सापडलं नाही. कारण सापडलंच नाही तरी चालतं, कुठपर्यंत पोचला ते दिसलं पाहिजे. त्यावरून सही कुठल्या पार्टपासून आणि कुठल्या तारखेला सुरू करायची ते त्याच्यासमोरच ठरवा.