शाबेस तीन अक्षरांत की पाच?

‘मिन्स्कमध्ये वाढलेल्या आणि १९७०नंतर इस्रायलला गेलेल्या एका बाईंच्या यिद्दिश आठवणी मी उतरवून काढते आहे. हिब्रू टंकयंत्रावरची पानं आहेत, स्वरांच्या खुणा नाहीत. “शाबेस” हा शब्द तीन अक्षरांतही आहे आणि पाच अक्षरांतही, कधी एकाच पानावर. “मिस्तोमे” मात्र शब्दकोशात आहे तसा एकदाही नाही. हे अशुद्धलेखन समजायचं का? नसेल तर माझ्या मराठी टिपणात कोणता शब्द वापरू?’

अशुद्धलेखन म्हणू नका. तो शब्द लावला की नियम एकच होता आणि बाईंनी तो मोडला, असा अर्थ होतो. इथे नियम दोन होते. दोन्ही छापलेले, दोन्ही शाळांमधून शिकवलेले.

मराठी माणसाला ही गोष्ट ‘तत्सम’ या एका शब्दावरून पटकन कळते. यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. तिचा मोठा भाग जर्मन कुळातला, त्यात स्लाव्ह भाषांमधून आलेले शब्द, आणि शिवाय हिब्रू-अरामी शब्दांचा एक जाड थर. जर्मन आणि स्लाव्ह मुळाचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचे, त्यातले स्वरही अक्षरांनी दाखवायचे: ‘ए’साठी आयेन, ‘आ’ आणि ‘ओ’साठी आलेफ. हिब्रूतून आलेला शब्द मात्र धर्मग्रंथात असतो तसाच ठेवायचा, म्हणजे बहुतेक स्वर न लिहिता. शाबेस म्हणजे शनिवारचा विश्रामदिन. तो शीन-बेस-सोव असा तीन अक्षरांत लिहायचा आणि ‘आ’ नि ‘ए’ वाचणाऱ्याने मनात भरायचे. शेवटच्या सोवचा उच्चार यिद्दिशमध्ये ‘स’, म्हणून शाबेस. आजच्या हिब्रूत त्याच अक्षराचा ‘त’ होतो, म्हणून शब्बात. व्हिल्न्यात १९२५ साली स्थापन झालेल्या यिवो या संस्थेने १९३७मध्ये यिद्दिशचे लेखननियम छापले, तेव्हा हिब्रू शब्दांची ही जुनी चाल तिने तशीच ठेवली. तुमचा शब्दकोश बहुधा त्याच परंपरेतला आहे.

सोव्हिएत संघात १९२०च्या दशकात उलट चाल रूढ झाली. शब्द कुठूनही आलेला असो, लिहायचा उच्चाराप्रमाणे. म्हणजे आपण उद्यापासून ज्ञान हा शब्द ‘द्न्यान’, ऋषी ‘रुषी’ आणि सिंह ‘सिंव्ह’ असा लिहायचं ठरवण्यासारखं. शाबेस झाला शीन-आलेफ-बेस-आयेन-सामेख. तुमची पाच अक्षरं ती हीच. सोव, खेस यांसारखी जी अक्षरं फक्त हिब्रू शब्दांत लागत होती, ती वर्णमालेतूनच गेली. ‘स’ला सामेख होतं, ‘ख’ला खोफ होतं. मुलाला हिब्रू न शिकता वाचता यावं हा एक हेतू, आणि धर्मग्रंथांशी असलेला डोळ्यांचा संबंध तोडणं हा दुसरा. मॉस्कोच्या यिद्दिश दैनिकाचं नाव होतं ‘देर एमेस’, म्हणजे ‘सत्य’. जुन्या रीतीने एमेस हा आलेफ-मेम-सोव. दैनिकाच्या मथळ्यावर तो आयेन-मेम-आयेन-सामेख असा झाला, एकही स्वर न लपवता.

त्या काळात यिद्दिश ही सोव्हिएत बेलारूसच्या चार अधिकृत भाषांपैकी एक होती, आणि मिन्स्कमध्ये यिद्दिश माध्यमाच्या शाळा होत्या. बाई १९३०च्या दशकात अशा शाळेत गेल्या का, हे पानांवरूनच तपासता येईल. हिब्रू लिपीत खोफ, मेम, नुन, फे आणि त्सादेक या पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळा आकार असतो. सोव्हिएत छपाईतून हे पाच आकार १९३२मध्ये काढून टाकले गेले आणि १९६१मध्ये ‘सोव्हेतिश हेयमलांद’ हे नियतकालिक निघालं तेव्हा परत आले. ‘उन’, म्हणजे ‘आणि’, हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत असतो. त्याच्या शेवटी लांब शेपटीचा नुन आहे की साधा, एवढंच मोजा. टंकयंत्रावर लांब नुनची कळ असूनही बाई मधूनमधून साधा नुन दाबत असतील, तर ते शाळेत हाताला लागलेलं वळण आहे.

मग एकाच पानावर दोन्ही शाबेस का? याचं उत्तर मला तुमच्या ‘मिस्तोमे’मध्ये दिसतं, म्हणून तो शब्द तुम्ही टिपलात याचा खूप आनंद झाला. मिस्तोमे म्हणजे ‘बहुतेक, बहुधा’. तोही तत्समच, अरामी मुळाचा. यिवोच्या रीतीने मेम-सामेख-तोव-मेम-आलेफ. बाई लिहितात तो, माझ्या अंदाजाने, मेम-युद-सामेख-तेस-आलेफ-मेम-आयेन असणार. आता इस्रायलमधल्या त्यांच्या रोजच्या दिवसाकडे बघा. शाबेसची तीन अक्षरं तिथे दुकानाच्या पाटीवर, वर्तमानपत्रात, बसच्या वेळापत्रकात आहेत. खावेर (मित्र), मिश्पोखे (कुटुंब), एमेस, हे सगळे शब्द आजच्या हिब्रूतही चालू आहेत. उच्चार वेगळा, पण अक्षरं तीच. वर्षानुवर्षं ती डोळ्यांपुढून गेल्यावर शाळेतली मांडणी हळूहळू मागे पडते. मिस्तोमे तिथे रोजच्या लिखाणात क्वचितच दिसतो, म्हणून तो शाळेत शिकला तसाच राहिला. ही अटकळ तपासायची असेल तर हिब्रू मुळाच्या शब्दांची यादी करा आणि आजच्या हिब्रूत रोज लागणारे शब्द एका बाजूला, न लागणारे दुसऱ्या बाजूला ठेवा. पहिल्या गटात सरमिसळ आणि दुसऱ्यात फक्त उच्चारी लेखन दिसलं, तर अटकळीला बळ मिळेल. दोन्ही गटांत सारखीच सरमिसळ दिसली तर मी चुकलो, आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल. मूळ कोणत्या बाजूचं, हे नक्की करताना शब्दकोशात जुनी मांडणी शोधा. खावेर ‘खोफ’खाली मिळणार नाही, तो ‘खेस’खाली आहे. मी सुरुवातीला असे कितीतरी शब्द ‘कोशात नाहीत’ म्हणून सोडून दिले होते.

यादी करताना एका जागी फसगत होते. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही पद्धती दिसल्या की ती चूक वाटते, पण बऱ्याचदा नसते. ‘गेगान्वेत’, म्हणजे ‘चोरलेलं’, हा शब्द घ्या. यिवोच्या रीतीने तो गिमेल-आयेन, गिमेल-नुन-वेस, आयेन-तेस असा लिहितात. पुढचा ‘गे’ आणि मागचा ‘एत’ जर्मन वळणाचे, म्हणून त्यांचे स्वर लिहिलेले. मधला धातू हिब्रू, म्हणून त्याच्यात ‘आ’ नाही. आपण ‘सत्यानं’ लिहितो तेव्हा ‘सत्य’ संस्कृत नियमाने आणि पुढचा ‘नं’ मराठी चालीने येतो, तसंच हे. सोव्हिएत रीतीत हाच शब्द मध्ये आलेफ आणि दोन वोव घालून पूर्ण उच्चारी होतो. तेव्हा खरी सरमिसळ तीच, जिथे हिब्रू धातूच्या आतच दोन पद्धती भेटतात: उदाहरणार्थ शाबेसमध्ये आलेफ लिहिला आणि शेवटी मात्र सोव ठेवला. असं रूप सापडलं तर ते जपून टिपा. बोटं एका पद्धतीवरून दुसरीवर जात असतानाची ती जागा आहे.

टंकनातल्या साध्या चुकाही असणारच. त्या बहुतेक एकदाच येतात, अक्षरांची अदलाबदल किंवा शेजारची कळ अशा असतात, आणि जर्मन मुळाच्या साध्या शब्दांतही पडतात. पुसट कार्बन प्रत असेल तर आणखी एक काळजी घ्या. सामेख आणि शब्दान्तीचा मेम दोन्ही बंद डबीसारखे. सामेखची खालची बाजू गोल, मेमची चौकोनी. शाई पसरली की फरक जातो, आणि पाच अक्षरी शाबेस ‘शाबेम’ असा निरर्थक वाचला जातो.

खुणा नसल्याचा त्रास याहून मोठा आहे, आणि त्याचा या दोन परंपरांशी संबंध नाही. फे-आलेफ-रेश ही तीन अक्षरं खुणांविना ‘फार’ (साठी), ‘फोर’ (मी प्रवास करतो) किंवा ‘पोर’ (जोडी) अशी तिन्ही वाचता येतात. इथे वाक्याचा अर्थच निर्णय देतो. म्हणून उताऱ्यात स्वतःच्या मनाने खुणा घालू नका. घातल्यात तर त्या तुमच्या आहेत असं दाखवा.

उतरवताना मी दोन रांगा ठेवेन. एकीत पानावर आहे ते, अक्षर अन् अक्षर, शेवटचा साधा नुनसुद्धा तसाच. दुसरीत शोधासाठी यिवोचं रूप. पहिली रांग ‘सुधारली’ तर बाईंच्या शाळेचा एकमेव पुरावा तुमच्याच हातून पुसला जाईल. संगणकावर एक पथ्य आधीच ठरवा. जोड वोव दोन प्रकारे टंकता येतो, एकच चिन्ह म्हणून `U+05F0` किंवा साधे दोन वोव `U+05D5 U+05D5`. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. टंकयंत्रावर कळ दोनदाच दाबली असणार, म्हणून मी दोन सुटे वोव घेईन आणि शेवटपर्यंत तेच ठेवीन. नाहीतर बाईंच्या लेखनात नसलेली तिसरी विसंगती तुमच्या फायलीत शिरेल.

आता मराठी शब्द. ‘स्पेलिंग’ समजतं, पण ‘स्पेलिंग चुकलं’ हेच मागोमाग मनात येतं. ‘शुद्धलेखन’मध्ये तर निवाडा आधीच बसलेला आहे. यिद्दिशमध्ये याला ‘ओयस्लेयग’ म्हणतात. ‘लेयगन’ म्हणजे ठेवणं, ‘ओयस्लेयगन’ म्हणजे समोर मांडणं, आणि त्यावरूनच शब्दाची अक्षरं मांडणं. म्हणून मी ‘अक्षरमांडणी’ म्हणेन. तो मूळ यिद्दिश शब्दाच्या जवळचा आहे आणि कुणाला दोष देत नाही.

टिपणात असं लिहिता येईल: ‘मूळ प्रतीत हिब्रू-अरामी शब्दांची अक्षरमांडणी दोन परंपरांची आहे, पारंपरिक आणि सोव्हिएत. एकच शब्द दोन्ही प्रकारे आला असेल तिथे दोन्ही रूपं तशीच ठेवली आहेत. स्पष्ट टंकनदोष तळटीपेत दाखवले आहेत.’ त्याखाली शाबेस आणि मिस्तोमे ही दोन उदाहरणं अक्षरवार द्या.