फोटोतला हिरवा डाग पुसू नका, वजा करा

प्रश्न: मोबाइलवर सूर्य समोर असताना काढलेला एक फोटो आहे. खाली उजव्या बाजूला दगडी भिंतीवर हिरवट गोल डाग आलाय आणि त्याच्या मधोमध पांढराफट्ट ठिपका. हील ब्रश फिरवला की डाग जातो, पण दगडांचे सांधेही जातात आणि तेवढीच जागा मेणासारखी गुळगुळीत दिसते. आजूबाजूचं काही न बिघडवता हे काढता येईल का?

उत्तर:

हिरवा भाग जवळजवळ पूर्ण काढता येईल, सांध्यांसकट. पांढऱ्या ठिपक्याचं तसं नाही, त्याच्याकडे नंतर येतो. तोवर हील ब्रश बाजूला ठेवा.

हील ब्रश असं धरून चालतो की डागाखाली कामाचं काही उरलेलं नाही, म्हणून तो शेजारचा दगड उचलून तिथे चिकटवतो. पण हा डाग म्हणजे भिंतीवर सांडलेला रंग नव्हे. सूर्याचा प्रकाश लेन्समधल्या एका काचेवरून उलटा फिरतो, दुसऱ्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो आणि भलत्याच जागी पडतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. कोटिंगमुळे हे प्रमाण बरंच खाली येतं, पण सूर्य इतका प्रखर की उरलेला अंशही दिसतो. फोटो काढणारे याला घोस्ट म्हणतात. मुद्दा असा की भिंतीचा स्वतःचा प्रकाश त्या जागी नीट पोचलेलाच आहे, त्यात फक्त थोडा हिरवा प्रकाश वरून मिसळलाय. बेरीज झालीय, तर वजाबाकी करायची.

आधी तो घोस्टच आहे ना, हे बघून घ्या. सूर्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून एक रेघ ओढा आणि तेवढीच पलीकडे न्या. मोबाइलच्या फोटोत हिरवा ठिपका बहुतेक वेळा बरोबर त्या टोकाला सापडतो. फोटो कडेने कापलेला असेल तर मध्यबिंदू सरकलेला असणार, म्हणून मूळ फाइलवरच बघा.

आता वजाबाकी, आणि बहुतेक जण इथेच फसतात. मीही फसलो होतो. माझ्याकडे दगडी कमानीचा असाच एक फोटो होता. डागाबाहेरच्या दगडावर रंगाचे आकडे होते ९६, ८८, ८०. त्याच जातीच्या दगडावर डागाच्या आत १०४, १२८, १००. मी म्हटलं, हिरव्यात ४० वाढलेत, तेवढे सगळीकडून काढू. दगड छान झाला, पण भेगा हिरव्याच राहिल्या आणि उन्हातला पांढरट दगड जांभळट पडला.

कारण ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. त्यांच्यावर गॅमा चढवलेला असतो, म्हणजे गडद भागाला जास्त आकडे दिलेले असतात आणि उजळ भागाला कमी. तोच हिरवा प्रकाश मधल्या उजेडाच्या दगडावर पडला तर हिरवा आकडा ८८ चा १२८ होतो, म्हणजे ४० ने वाढतो. भेगेत हा आकडा मुळात ३० असेल तर तो १०१ वर जातो, म्हणजे ७१ ने. आणि २२० च्या उजळ दगडावर फक्त १५ ची वाढ होऊन २३५ होतात. प्रकाश एकच, वाढ तीन तऱ्हेची. तेव्हा ४० हा आकडा त्या एका दगडापुरताच खरा होता. वजाबाकी गॅमा उतरवून, म्हणजे लिनिअर हिशेबात केली तरच तिन्ही जागा एकदम जागेवर येतात.

हे सगळं गिंपमध्ये फुकटात होतं, आवृत्ती २.१० किंवा पुढची हवी. फोटो उघडल्यावर आधी `Image > Precision` मध्ये जाऊन `32 bit floating point` करा, म्हणजे मधल्या हिशेबात आकडे तुटत नाहीत.

मग वजा करायचा नेमका रंग काढायचा. त्यासाठी मी एक छोटी युक्ती वापरतो, कागद-पेन लागत नाही. कलर पिकरचं `Sample average` चालू करून डागाच्या आतला आणि बाहेरचा असे दोन रंग उचलायचे. दोन्ही नमुने एकाच तऱ्हेच्या दगडावरचे आणि सारख्याच उजेडातले हवेत, सगळी मदार यावर आहे. नवीन लहानशी रिकामी इमेज घ्या, तिच्यात आतला रंग भरा. वर नवीन लेयर घेऊन त्यात बाहेरचा रंग भरा आणि त्या लेयरचा मोड `Subtract` करा. आता `Sample merged` वर टिचकी मारून जो दिसतोय तो रंग उचला. हाच तुमचा जास्तीचा प्रकाश. माझ्या कमानीच्या बाबतीत तो साधारण `28603d` आला, गडद बाटलीसारखा हिरवा.

मोडच्या यादीशेजारी एक बारीक बटण असतं, त्यावरून यादी `Default` आणि `Legacy` अशी बदलते. `Legacy` मधला `Subtract` जुन्या पद्धतीने, गॅमासकट वजा करतो, म्हणजे वर सांगितलेली माझी चूक जशीच्या तशी. लेयरवर उजवी क्लिक करून `Blend Space` मध्ये `RGB (linear)` आहे ना, एवढं बघितलं की झालं.

मूळ फोटोत परत या. नवीन लेयर, त्यात हा रंग पूर्ण भरा, मोड `Subtract`. सगळा फोटो गुलाबट होईल, घाबरू नका. लेयरला काळा मास्क लावा, डागाच्या आकाराचं लंबवर्तुळ निवडा आणि मास्कवर ते पांढऱ्याने भरा. मग निवड काढून टाका आणि मास्कलाच `Gaussian Blur` द्या, डागाची कड जितकी मऊ आहे तितका. खरा वेळ या कडेवर जातो. डागाभोवती हिरवी कडी उरली तर मास्क लहान पडलाय. गुलाबट कडी आली तर मास्क बाहेर सांडलाय. मोबाइलचा घोस्ट सहसा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, अशा वेळी एका मास्कशी झटापट करण्यापेक्षा त्याच रंगाचे दोन लेयर घ्यावेत, एक मोठा आणि एक लहान, आणि दोघांची ऑपॅसिटी कमी-जास्त करून जुळवावी.

जुळलं की नाही, ते दगडावर बघू नका, भेगांमध्ये बघा. डोळा दगडाचा थोडा चुकलेला रंग माफ करतो, भेगेतला करत नाही. वरती एक तात्पुरता लेयर किंवा फिल्टर लावून सॅच्युरेशन दुप्पट करा, उरलेला दोष लगेच ओरडून सांगतो. भेगा हिरव्या असतील तर अजून वजा करा. भेगा गुलाबी किंवा ठार काळ्या झाल्या तर जास्त वजा झालंय, ऑपॅसिटी खाली आणा. आणि भेगा ठीक पण फक्त उजळ दगड गुलाबट असेल तर दोष वजाबाकीचा नाही. तिथे हिरवा आकडा २५५ ला जाऊन थडकलेला असतो. खरी बेरीज त्याच्या पुढची होती ती कापली गेली, म्हणून वजा केल्यावर हिरवा कमी पडतो. अशा ठिकाणी ऑपॅसिटीशी खेळून काही हाती लागणार नाही, तो तुकडा पांढऱ्या ठिपक्याच्या यादीत टाका.

तर तो पांढरा ठिपका. त्यावर कर्सर नेऊन आकडे बघा. तिन्ही २५५ असतील तर खालचा दगड कायमचा गेला, वजा करायला काही उरलेलंच नाही. ही जागा नव्याने बांधावी लागते, पण लक्षात घ्या, आता ती मूळ डागापेक्षा बरीच लहान आहे. माझ्या फोटोत डाग सव्वादोनशे पिक्सेल रुंद होता आणि मेलेला गाभा जेमतेम चाळीस. चाळीस पिक्सेलची डागडुजी कोणाच्या नजरेत येत नाही.

इथेही पहिला हात हील ब्रशचा नको. हील ब्रश पोत दुसरीकडून घेतो, पण उजेड जिथे ब्रश फिरवता तिथल्या आसपासचा धरतो. शेजारी पांढरी झळ असली की तीच आत ओढतो. तुमची मेणासारखी जागा बहुधा अशीच तयार झाली. म्हणून वर एक रिकामा लेयर घ्या, क्लोन टूलला `Sample merged` करा आणि दगडांच्या त्याच ओळीतला, त्याच सांध्याला धरून असलेला तुकडा आणा. सांध्याची रेघ दोन्ही बाजूंनी जिथे तुटलीय तिथूनच सुरुवात करा, रेघ जुळली की मधला दगड कसाही भरला तरी खपतो. ऊन ज्या बाजूने येतंय त्याच बाजूची कड उजळ राहील, एवढं बघा. पांढरं पूर्ण झाकलं गेल्यावरच हील ब्रश घ्या, लहान आकाराचा, आणि फक्त क्लोनच्या जोडावर फिरवा.

एवढं करूनही डागाची जागा बाकीच्या भिंतीपेक्षा थोडी दाणेदार दिसेल. आपण जास्तीचा प्रकाश वजा केला, पण त्याने सोबत आणलेला नॉईज वजा होत नाही, तो तिथेच राहतो. त्या भागापुरता फक्त रंगाचा नॉईज कमी करा, उजेडाचा दाणा राहू द्या. तोही घासलात तर पुन्हा मेण.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मोबाइलचा जेपेग कॅमेऱ्यातच बराच भाजून निघालेला असतो. सावल्या उचललेल्या, उजेड दाबलेला, तोही फोटोच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा. त्यामुळे वजाबाकीचा हिशेब शंभर टक्के बसत नाही, रंगाची एखादी छटा उरतेच. ती घालवायला सगळ्यात वर रिकामा लेयर, मोड `LCh Color`, आणि शेजारच्या दगडाचा रंग उचलून मोठ्या मऊ ब्रशने हलका हात. हा मोड फक्त रंग बदलतो, उजेड आणि सांधे जसेच्या तसे ठेवतो. पण हे शेवटी. सुरुवातीलाच हे केलंत तर हिरवा जाईल आणि त्या जागी धुरकट उजळ गोळा उरेल. फोटो रॉमध्ये काढलेला असेल तर मात्र या पायरीची गरज बहुधा पडत नाही.

फोटोत वर जो खरा सूर्य आहे त्याला हात लावू नका. तो पांढराच असायला हवा. मी एकदा हौसेने तोही आकाशाने झाकला होता, तर खालच्या सगळ्या सावल्या कुठून आल्या तेच कळेना.

आणि तुम्ही अजून त्याच जागी उभे असाल तर हा सगळा खटाटोप टळतो. फोन न हलवता एक फोटो नेहमीसारखा काढा आणि दुसरा सूर्यावर बोट आडवं धरून. दुसऱ्यात डाग नसतो. दोन्ही एकावर एक ठेवून डागापुरता मास्क उघडला की खालची खरी भिंत, खऱ्या सांध्यांसकट, तयार असते.