ग्रीज पेन्सिलमध्ये इंटरपोलेट केल्यावर रेषा पिळल्या का जातात?

प्रश्न: ‘ब्लेंडरमध्ये हात वर नेण्याच्या दोन पोझ काढल्या, फ्रेम 1 आणि 9. Interpolate केलं की मधे रेषांचा नुसता गुंता होतो. काय चुकतंय?’

हात काय आणि बोट काय, ब्लेंडरला कळत नाही. तो पहिल्या फ्रेममधली पहिली रेषा दुसऱ्यातल्या पहिलीशी जोडतो, दुसरी दुसरीशी. काढण्याचा क्रम बदलला की मनगट कोपराकडे धावतं. क्रम बरोबर असून एखादीच रेषा स्वतःभोवती पिळत असेल, तर ती उलट्या टोकाकडून काढली गेली आहे. एडिट मोडमध्ये ती निवडून Switch Direction द्या.

खरं तर फ्रेम 9 नव्याने काढूच नका. 1 ची कीफ्रेम डुप्लिकेट करून 9 वर ठेवा आणि स्कल्प्ट मोडमधल्या Grab ब्रशने हात वर ओढा. रेषा त्याच, म्हणून क्रमही तोच राहतो. हात वेगळ्या लेयरवर असू द्या, म्हणजे धड हलत नाही.

मग फ्रेम 5 वर जाऊन ड्रॉ मोडमध्ये `Ctrl+E` दाबा, माऊस सरकवून पोझ ठरवा. मात्र मधला हात सरळ रेषेत सरकतो, त्यामुळे आखूड दिसतो. कोपराचा बाक तुम्हालाच Grab ने द्यावा लागेल.