कपाशीच्या कडेचा एरंड, उकिरड्यावरचा धोतरा आणि अंगणातली कण्हेर

प्रश्न : "साहेब नमस्कार. तुमच्या सांगण्यावरून कपाशीच्या कडेनं एरंड लावला होता, त्याला आता बोंडं धरलीत. वेचणीला बाया येतात त्यांची लहान पोरं बांधावरच खेळतात. घरी अंगणात कण्हेर आहे, गोठ्यामागं धोतरा उगवलाय. बिया विषारी असतात म्हणतात. सगळं उपटून टाकू का? आणि पोरांना ओळखायला शिकवायचं कसं?"

नमस्कार दादा. फार बरं केलं विचारलं. एरंड उपटू नका, धोतरा उपटाच आणि कण्हेर कशी ठेवायची ते खाली सांगतो. पण आधी एरंडाचं बोलू, कारण तो लावा म्हणून आम्हीच सांगतो.

मागच्या हिवाळ्यात तापीकाठच्या एका गावात वेचणी चालली होती, आईसोबत आलेलं साधारण पाच वर्षाचं पोरगं बांधावर खेळत होतं. वाळलेली बोंडं तडकून बिया खाली पडल्या होत्या. एरंडीचं बी दिसायला इतकं छान असतं ना, चकचकीत, तपकिरी, वर राखाडी-पांढरी नक्षी आणि टोकाला छोटासा मऊ गाठीसारखा भाग, लांबून बघितलं तर फुगलेल्या गोचिडासारखं. त्यानं अकराच्या सुमारास चार-पाच बिया भुईमूग फोडतात तशा दातानं फोडून खाल्ल्या. दुपारी भाकरी खाल्ली, खेळला, काहीच झालं नाही. संध्याकाळी पाचला उलट्या सुरू झाल्या, घरच्यांना वाटलं ऊन लागलं. रात्री जुलाब, पहाटे त्यात रक्त, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारत होते काय खाल्लं, बाप म्हणे काहीच नाही. शेवटी पोराच्या चड्डीच्या खिशात दोन बिया निघाल्या आणि मग उलगडा झाला. चार दिवस सलाईनवर होता, वाचला. तो एरंड आमच्या सल्ल्यानं लावलेला होता, तेव्हापासून मी सल्ला अर्धवट देत नाही.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, विष बीच्या आतल्या गरात असतं, रिसिन म्हणतात त्याला. वरचं टरफल कडक असतं, म्हणून बी अख्खं गिळलं तर कधी कधी तसंच बाहेर पडतं, पण चावलं की विष मोकळं होतं आणि लहान पोराला दोन-तीन बियाही भारी पडू शकतात. दुसरी, त्रास लगेच होत नाही, कित्येक तास जातात, कधी अख्खा दिवस. पोरगं खेळतंय म्हणजे बरं आहे असं समजून घरी थांबलं की तिथंच चूक होते. रिसिनवर उतारा नाही, अंगातलं पाणी टिकवणं हाच मुख्य इलाज, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. एरंडेल तेलाचं विचाराल तर रिसिन तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहतं. त्यामुळे एरंडीची पेंड खत म्हणून वापरायची असेल तर गुरं आणि कुत्री पोचणार नाहीत अशी बंद जागेत ठेवा.

आता एरंड ठेवायचा कसा. आपल्याला त्याचं पान पाहिजे, बी नाही. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग एरंडाच्या पानावर पुंजक्यानं अंडी घालतो, ते पान तोडून नष्ट केलं की कपाशी वाचते, एवढंच सापळा पिकाचं काम. म्हणून तुरा निघून खालची पिवळट नर फुलं आणि वरची तांबड्या केसांची मादी फुलं दिसली की घड तिथंच कोयत्यानं छाटा. झाड नवीन फांद्या फोडून परत घड काढतं, त्यामुळे दर पंधरवड्याला कडेनं एक चक्कर मारावी लागेल. तुमच्याकडं बोंडं धरलीयत तर आज सगळे घड कापा, तडकलेल्या बोंडांखालच्या बिया झाडूनं गोळा करा आणि बांधावर न टाकता हातभर खोल पुरा.

ओळखताना घोटाळा होतो तो बोंडावर, एरंडाचंही बोंड काटेरी आणि धोतऱ्याचंही काटेरी. एरंडाची बोंडं घडात दाटीनं लागतात, काटे मऊ, तीन कप्पे आणि प्रत्येकात एक बी. पान पंज्यासारखं सात-नऊ बोटांचं, कडेला दात, आणि देठ पानाच्या कडेला न जोडता आतल्या बाजूला जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. धोतऱ्याचं बोंड मात्र फांद्यांच्या बेचक्यात एकटं असतं, गोल, सुपारी ते लहान लिंबाएवढं. आत चपट्या फिक्या तपकिरी बिया ठासून भरलेल्या, अगदी सुक्या मिरचीच्या बियांसारख्या. पान रुंद, देठाजवळ दोन्ही बाजू वर-खाली असतात, चुरगाळलं की घाण वास येतो. फूल कर्ण्यासारखं लांब, पांढरं किंवा जांभळट, संध्याकाळी उमलतं. महाशिवरात्रीला महादेवाला वाहायला पोरंच हे फळ तोडून आणतात, पूजा झाली की ते घरात पडून राहतं, मग लहान भावंडाच्या हाती लागतं. पूजेनंतर तेही पुरून टाकत जा.

धोतऱ्याचं विष लवकर दिसतं, तास-दीड तासात. तोंड कोरडं पडतं, अंग गरम आणि लाल होतं, डोळ्याची बाहुली मोठी होते, पोरगं असंबद्ध बोलतं, हवेत काहीतरी पकडल्यासारखं करतं. गावात याला बाहेरचं झालं म्हणतात आणि भगताकडं नेतात, त्यात वेळ जातो. अचानक असं झालं तर आधी दवाखाना. उपटताना हातमोजे घाला, बोंड धरण्याआधी उपटा, नाहीतर बिया उडून पुढच्या वर्षी दहापट उगवेल. आणि त्या हातानं डोळा चोळू नका, नुसता रस लागला तरी बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं.

कण्हेरीचं थोडक्यात सांगतो. गुलाबी-पांढऱ्या कण्हेरीची पानं लांबट, जाड, बहुतेक तीन-तीन एका पेरावर. शेंग वितभर, चवळीसारखी, जोडीनं लागते, फुटली की केसाळ बिया उडतात. पिवळ्या कण्हेरीला, म्हणजे बिट्टीला, पानं अरुंद, तोडलं की पांढरा चीक, फूल पिवळं घंटेसारखं आणि फळ तिकोनी हिरवं जे पुढं काळं पडतं. त्याच्या आतली टणक बिट्टी घेऊन पोरं खेळतात, ती फोडून आतली बी खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडतात. उलट्या थांबल्या म्हणजे बरं झालं असं नाही, ईसीजी काढावाच लागतो. लहान पोरं असतील तर बिट्टी अंगणात नकोच. गुलाबी कण्हेर ठेवायची तर फुलं गळाली की शेंगा धरण्याआधी छाटा, छाटलेल्या काड्या चुलीत घालू नका आणि गुरांच्या चाऱ्याजवळ टाकू नका.

पोरानं काही खाल्लं असं वाटलं तर तोंडातलं बोटानं काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नका, दूध-तूपही पाजत बसू नका. खाल्लेली बी किंवा बोंड, पानाची फांदी सोबत घ्या, 108 ला फोन करा आणि त्रास दिसो न दिसो सरकारी दवाखान्यात न्या. किती वाजता खाल्लं आणि चावलं की गिळलं, हे डॉक्टरांना आधी सांगा.